आश्रमशाळेतील सर्वेक्षण आणि हिमोग्लोबिन तपासणी: नैतिकता समितीची मंजुरी कधी घ्यावी?

प्रश्न: "मी गृहविज्ञान शाखेत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत आठवी ते दहावीच्या १५० मुलींचा आहार, मासिक पाळी आणि हिमोग्लोबिन यांचा अभ्यास करायचा आहे. मुख्याध्यापकांनी लेखी परवानगी दिली आहे. गाइड म्हणतात, नुसतं सर्वेक्षण आहे, औषध द्यायचं नाही, एथिक्स लागत नाही. मी पायलट म्हणून २८ प्रश्नावल्या भरूनही घेतल्या. आता सीनियर म्हणते एथिक्सशिवाय पेपर छापत नाहीत. मंजुरी आता घेतली तर चालेल का? आमच्या कॉलेजात अशी कमिटीच नाही. माझी रूममेट एम.फार्म.ला उंदरांवर काम करते, तिलाही हीच कमिटी लागते का?"

उत्तर: काम आज थांबवा. तुमच्या अभ्यासाला मंजुरी लागते, ती पहिली प्रश्नावली भरण्याआधी लागते, आणि झालेल्या कामाला मागील तारखेने मंजुरी देणे कोणत्याही समितीला शक्य नसते. हे वाचून घाबरू नका. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची सदस्य-सचिव म्हणून अकरा वर्षे काम केले आहे आणि तुमच्यासारखी प्रकरणे दरवर्षी आमच्यासमोर येत असत. २८ प्रश्नावल्यांवर थांबलेली विद्यार्थिनी वेळेत थांबलेली असते. दीडशे पूर्ण करून, तक्ते काढून मग आलेल्यांना आम्हाला परत पाठवावे लागले आहे.

तुमच्या गाइडचे म्हणणे पुष्कळ विभागांत ऐकू येते. त्यामागे अशी समजूत असते की नैतिकता समिती ही औषधांच्या चाचण्यांसाठी आहे आणि प्रश्न विचारल्याने कोणाला इजा होत नाही. पण समिती तीन गोष्टी पाहते: माहिती जिवंत माणसांकडून घेतली जाते का, ती त्या माणसाशी जोडता येते का, आणि ती संशोधनासाठी घेतली जाते का. तिन्हींचे उत्तर 'होय' असेल आणि विषय आरोग्याशी संबंधित असेल, तर तो अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या कक्षेत येतो. त्यात सामाजिक आणि वर्तनविषयक आरोग्य-संशोधनही स्पष्टपणे धरले आहे. औषध दिले की नाही याने धोक्याची पातळी बदलते. समितीकडे जायचे की नाही हे त्यावरून ठरत नाही.

काही अभ्यासांना समिती परीक्षणातून सूट देते. छापून आलेल्या शोधनिबंधांचा आढावा, सार्वजनिक ठिकाणी नाव-गाव न नोंदवता केलेले निरीक्षण, दोन अध्यापन पद्धतींची तुलना ही त्याची उदाहरणे आहेत. तुमच्या शाखेसाठी विशेष उपयोगाचे उदाहरण म्हणजे खाद्यपदार्थाच्या चवीची आणि पसंतीची चाचणी. नाचणीच्या लाडवाचे चार नमुने चाखायला देऊन गुण घेणे बहुधा सूट मिळणाऱ्या गटात बसते. मात्र सूट आहे की नाही हे समितीने ठरवायचे असते. विद्यार्थ्याने किंवा गाइडने ते परस्पर ठरवायचे नसते. अर्ज द्यावा लागतो आणि सूट दिल्याचे पत्र हाती घ्यावे लागते. प्रबंधाला किंवा पेपरला पुढे हेच पत्र लागते.

आरोग्याशी संबंध नसलेल्या सर्वेक्षणांबाबत, म्हणजे बँकेच्या ग्राहकांची मते किंवा वाचनाच्या सवयी अशा विषयांत, परिस्थिती विद्यापीठागणिक वेगळी आहे. काही विद्यापीठांच्या संशोधन-नियमांत मंजुरी सक्तीची आहे, काहींत नाही. अशा विषयाच्या विद्यार्थ्याने विभागाच्या संशोधन कक्षाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

तुमचा अभ्यास सूट मिळणाऱ्या गटात येत नाही. तो बैठकीत, पूर्ण समितीपुढे चर्चा होऊनच मंजूर होईल असे मला वाटते. एक तर मुली अल्पवयीन आहेत. दुसरे म्हणजे त्या आदिवासी समाजातल्या, घरापासून दूर निवासी शाळेत राहणाऱ्या आहेत, त्यामुळे 'नाही' म्हणण्याची त्यांची ताकद कमी आहे. तिसरे म्हणजे तुम्ही बोटातून रक्त घेणार आहात. क्षणभर दुखेल एवढीच टोचणी असली तरी मार्गदर्शक तत्त्वांत तिची नोंद किमान धोक्याच्या एक पायरी वर होते, आणि बालकांवरील नेहमीचे संशोधनही त्याच पायरीवर धरले जाते. हा मोठा धोका नाही. पण तो कोण, कसा आणि कोणाच्या संमतीने पत्करते हे कागदावर यावे लागते.

आता मुख्याध्यापकांच्या पत्राकडे येऊ. ते पत्र हवेच. शासकीय आश्रमशाळा असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचीही परवानगी घ्या. पण या दोन्ही परवानग्यांचा अर्थ एवढाच की तुम्हाला शाळेच्या फाटकातून आत येता येईल. मुलीच्या बोटाला सुई लावण्याची संमती मुख्याध्यापक देऊ शकत नाहीत. ती आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची असते, आणि तिच्याबरोबर मुलीची स्वतःची सहमतीही लागते. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची सहमती तोंडी चालते. १२ ते १८ या वयात ती लेखी घ्यावी लागते. तुमच्या सगळ्या मुली दुसऱ्या गटातल्या आहेत. पालकाने होकार दिला आणि मुलगी नको म्हणाली, तर ती मुलगी अभ्यासात येत नाही.

पालक पाड्यांवर राहतात, रोजगारासाठी बाहेरगावी जातात, ही अडचण खरी आहे आणि समितीलाही ती ठाऊक असते. माझ्या अनुभवात दोन मार्ग चालतात. मुलींना सुटीसाठी न्यायला आणि परत सोडायला पालक शाळेत येतात, ते दिवस आधीच विचारून ठेवावेत. नाहीतर शाळा व्यवस्थापन समितीची पालकसभा गाठावी. पालकाला वाचता येत नसेल तर माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवावे लागते आणि अंगठा घेताना वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. हा साक्षीदार तुमच्या चमूतला नको. शाळेचा शिक्षकही शक्यतो नको, कारण शिक्षकासमोर पालक क्वचितच नकार देतो. पावरी किंवा भिली बोलणारे पालक असतील तर ती बोली जाणणारी व्यक्ती बरोबर घ्या आणि तसे आराखड्यात लिहा. हे सगळे धरून १५० ऐवजी ११० मुली मिळाल्या तरी चालतील. तो आकडा आधीच गृहीत धरून नमुन्याची संख्या मांडा.

माहितीपत्रकावरच सर्वाधिक अर्ज परत येतात, म्हणून त्याचा एक नमुना दाखवते. आमच्याकडे आलेल्या एका पत्रकात असे वाक्य होते: "सदर संशोधनात्मक अभ्यासांतर्गत सहभागींच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे मूल्यमापन करण्यात येणार असून सहभागींची माहिती पूर्णतः गोपनीय राखण्यात येईल." आम्ही ते परत पाठवले. विद्यार्थिनीने दुसऱ्यांदा लिहिले: "तुमच्या मुलीच्या बोटाच्या टोकाला बारीक सुई टोचून दोन-तीन थेंब रक्त घेऊ. क्षणभर दुखेल. या रक्तातून अंगात रक्त कमी आहे का हे कळते. दुसरी कोणतीही तपासणी करणार नाही. हे शाळेच्या अभ्यासाचा भाग नाही. तुम्ही नाही म्हटले तर मुलीच्या गुणांवर, वसतिगृहावर किंवा जेवणावर काही फरक पडणार नाही. मध्येच थांबायचे असेल तर कारण न सांगता थांबता येईल." हे पत्रक मंजूर झाले.

त्यातले "दुसरी कोणतीही तपासणी करणार नाही" हे वाक्य तुमच्या भागात फार महत्त्वाचे आहे. नंदुरबारमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, त्यामुळे 'रक्त घेतोच आहोत तर तेही पाहून टाकू' असा मोह होतो. सिकलसेलचा निकाल मुलीच्या लग्नापर्यंत आणि तिच्या भावंडांपर्यंत पोचतो. समुपदेशनाची व्यवस्था आणि स्वतंत्र संमती असल्याशिवाय ती तपासणी करता येत नाही. तुमच्या आराखड्यात ती नाही, तर उरलेला थेंबही त्यासाठी वापरू नका.

यानंतर समिती विचारेल तो प्रश्न विद्यार्थ्यांना सहसा सुचलेला नसतो: एखाद्या मुलीचे हिमोग्लोबिन ७ निघाले तर तुम्ही त्या दुपारी काय कराल? जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार या वयाच्या मुलींत १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरला जातो आणि ८ च्या खाली तो तीव्र मानतात. तीव्र रक्तक्षय असलेली मुलगी समोर असताना आकडा वहीत लिहून निघून जाता येत नाही. म्हणून आराखड्यात आधीच लिहावे लागते की ८ च्या खालच्या मुलीला त्याच दिवशी कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणार, तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे संमतीपत्र जोडले आहे का, पालकांना कोण कळवणार, आणि ८ ते १२ मधल्या मुलींची यादी साप्ताहिक लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या देणाऱ्या शाळा-आरोग्य यंत्रणेकडे पालकांच्या संमतीने कशी जाणार. सुई टोचण्याचे कामही प्रशिक्षित परिचारिकेने किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाने करायचे आहे. तुम्ही गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी आहात, ते तुम्ही करू नका. प्रत्येक मुलीसाठी नवी लॅन्सेट हवी, आणि वापरलेल्या लॅन्सेट कोण घेऊन जाणार हेही लिहा. बहुतेक वेळा आरोग्य केंद्रच त्या जैववैद्यकीय कचऱ्यात घेते.

इथे एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतर आमच्या समितीने अर्जाचा नमुनाच बदलला. एका विद्यार्थ्याच्या अशाच तपासणी-दिवशी मी पाहणीसाठी गेले होते. मुली रांगेत उभ्या होत्या. तंत्रज्ञ यंत्रावरचा आकडा मोठ्याने सांगत होता आणि शेजारच्या टेबलावर मदतीला बसवलेली दहावीची एक मुलगी तो नावापुढे लिहीत होती. "सहा पूर्णांक आठ" असे ऐकताच मागच्या तिघी-चौघी हसल्या. ती मुलगी बोट दाबून धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुपारच्या जेवणापर्यंत 'सहा-आठ' हे तिचे नाव झाले होते. मंजूर आराखड्यात 'गोपनीयता राखली जाईल' असे लिहिलेले होते, पण रांग कुठे लावायची आणि आकडा कोण लिहिणार हे कोणीच विचारले नव्हते. तो दोष समितीचाही होता. तेव्हापासून आम्ही खोलीची मांडणी विचारू लागलो: एका वेळी एकच मुलगी आत, आकडा बोलायचा नाही, कागदावर नाव नाही तर सांकेतिक क्रमांक, आणि नाव व क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात.

पाळीविषयीचे प्रश्न स्त्रीने, एकटीला, दार लोटलेल्या खोलीत विचारायचे, आणि कोणताही प्रश्न सोडण्याची मुभा आहे हे त्या प्रश्नाआधी पुन्हा सांगायचे. वर्गात प्रश्नावल्या वाटून भरून घेतल्या तर शेजारणीचे पाहून उत्तरे लिहिली जातात, म्हणजे माहितीही बिघडते.

गोपनीयतेबाबत आणखी एक गोष्ट जपून लिहावी लागते. 'माहिती पूर्णतः गोपनीय राहील' असे वचन अल्पवयीन मुलींना तुम्ही देऊ शकत नाही. बोलताना एखादीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ज्याला ते कळले त्याच्यावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते, आणि संशोधक त्याला अपवाद नाही. म्हणून माहितीपत्रकात साध्या शब्दांत लिहा की तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असे कळले, तर तुला मदत मिळावी म्हणून ते योग्य व्यक्तीला सांगावे लागेल. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांकही पत्रकावर असू द्या.

कॉलेजात समिती नसणे ही अडचण सुटण्याजोगी आहे. दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येते. त्यासाठी दोन्ही संस्थांत सामंजस्य करार किंवा निदान लेखी पत्रव्यवहार लागतो आणि तो प्राचार्यांमार्फत होतो. आधी विद्यापीठाची स्वतःची समिती आहे का हे पाहा, नसेल तर जवळच्या शासकीय वैद्यकीय किंवा आयुर्वेद महाविद्यालयाला विचारा. ती समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत आहे ना, हे आवर्जून विचारा. २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी आरोग्य-संशोधन तपासणाऱ्या समित्यांना ही नोंदणी सक्तीची केली असून ती 'नैतिक' या पोर्टलवर होते. विभागातल्या चार प्राध्यापकांनी सही करून दिलेले 'एथिक्स सर्टिफिकेट' मी पाहिले आहे. ते टिकत नाही, कारण समितीत ७ ते १५ सदस्य, संस्थेबाहेरचा अध्यक्ष, कायदा जाणणारी व्यक्ती आणि सामान्य नागरिकांतून एक सदस्य असावा लागतो, आणि किमान पाच जणांची गणपूर्ती झाल्याशिवाय बैठक धरली जात नाही.

अर्जासोबत आराखडा, प्रश्नावली, माहितीपत्रक, पालक संमतीपत्र, मुलीचे सहमतीपत्र, शाळेची व प्रकल्प कार्यालयाची परवानगी, आरोग्य केंद्राचे पत्र आणि तुमचा व गाइडचा अल्पपरिचय द्यावा लागतो. सहभागींना द्यायचे सगळे कागद मराठीत हवेत. किती वेळ लागेल हे समितीच्या बैठका किती अंतराने होतात यावर आहे. काही समित्या दरमहा बसतात, काही तीन महिन्यांनी. पहिल्या बैठकीत दुरुस्त्या सांगितल्या जातील हे धरूनच चाला. मला वाटते दोन ते तीन महिने हाताशी ठेवावेत. मिळालेल्या पत्रावर मंजुरीचा क्रमांक, तारीख, मुदत आणि कोणत्या आवृत्तीचे कागद मंजूर झाले ते असते. पुढे प्रश्नावलीत एक प्रश्न जरी वाढवला तरी सुधारित आराखडा परत समितीकडे द्यावा लागतो. परीक्षक आणि जर्नलचे संपादक या पत्राची तारीख पहिल्या भरलेल्या प्रश्नावलीच्या तारखेशी ताडून पाहतात, आणि तिथेच मागून घेतलेली मंजुरी उघडी पडते.

राहिल्या २८ प्रश्नावल्या. पायलट हाही संशोधनाचाच भाग असल्याने त्यालाही मंजुरी लागत होती. त्या फाडू नका आणि त्यांवरच्या तारखाही बदलू नका, कारण तारखा बदलणे ही सरळ बनावटगिरी होईल. एका पाकिटात बंद करून ठेवा आणि अर्जाच्या पत्रात दोन ओळी लिहा: मंजुरी लागते हे माहीत नसल्याने अमुक तारखांना २८ प्रश्नावल्या भरून घेतल्या, त्यांतील माहिती वापरणार नाही, त्यांचे काय करावे याबद्दल समितीचे मार्गदर्शन हवे. अशा पत्रांनंतर आम्ही बहुतेक वेळा ती माहिती नष्ट करण्यास आणि तसे लेखी कळवण्यास सांगितले. एकदाही त्यावरून विद्यार्थ्याचा अर्ज नाकारला नाही. त्या २८ मुलींना मंजुरीनंतर पुन्हा विचारता येईल का, हे समिती ठरवेल. दुसऱ्यांदा तेच प्रश्न ऐकल्याने उत्तरे बदलू शकतात, म्हणून मी तरी त्यांना मुख्य अभ्यासातून वगळले असते. प्रश्नावली समजली का नाही, कुठे अडखळल्या, एवढे तुम्ही त्यातून शिकला असाल तर त्याप्रमाणे प्रश्न सुधारा. गाइडना हे सांगताना 'सीनियर म्हणाली' असे सांगू नका. २०१७ च्या तत्त्वांतले बालकांविषयीचे आणि असुरक्षित गटांविषयीचे भाग छापून त्यांच्यासमोर ठेवा. बहुतेक गाइड अडवणूक म्हणून नाही तर माहिती नसल्यामुळे तसे म्हणतात, आणि अर्जावर त्यांची सही लागणारच आहे.

तुमच्या रूममेटला ही समिती चालत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थात्मक प्राणी नैतिकता समिती वेगळी असते. तिचा आधार १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम हा आहे, आणि तिच्यावर सीसीएसईए या केंद्रीय समितीची देखरेख असते. जुन्या प्रबंधांत हिचेच नाव सीपीसीएसईए असे आढळेल. महाविद्यालयाचे प्राणीगृह तिथे नोंदणीकृत हवे. अर्ज 'फॉर्म बी' मध्ये द्यावा लागतो आणि बैठकीत केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधीही असतो. तिथे सर्वांत जास्त चर्चा संख्येवर होते. पाच गटांत सहा-सहा असे ३० उंदीर मागितले, तर सहाच का, चार का नाहीत, हाच परिणाम पेशींवर तपासता आला नसता का, वेदना कशी कमी करणार आणि शेवटी प्राण्यांना कोणत्या पद्धतीने मारणार, याची उत्तरे लेखी द्यावी लागतात. मंजुरी ३० ची असेल तर एकतिसावा प्राणी वापरता येत नाही. त्यांच्याकडेही पायलट म्हणून 'दोन-तीन उंदरांवर डोस पाहून घेऊ' असे म्हणण्याची सवय आहे, आणि त्या दोन-तीन उंदरांनाही मंजुरी लागते. प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यायचे असतात, म्हणून मंजुरीपत्र हाती येईपर्यंत तिने मागणीही नोंदवू नये.